शेठचा फोन आला तर

कळवा, ठाणे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, वाशी मार्केटच्या शेठचा तुम्हाला एक-दोन दिवसांत फोन येईल. "पोरगी पत्रं पाठवायला लागली," म्हणतील. म्हणून आधीच कळवते.

मंगळवारी भर पावसात टेम्पो आला. बिल तांदळाच्या 25 किलोच्या 20 कट्ट्यांचं, उतरले 18. त्यात ताडपत्री फाटलेली, मागचे तीन कट्टे भिजलेले. वरून फक्त डाग दिसत होता. काट्यावर ठेवला तर एक साडेसव्वीस किलो भरला! पाण्याचंच वजन ते. शिवण उसवून हात घातला, तर तांदूळ गार आणि चिकट लागला. वाळवून विकता आला असता, पण चार दिवसांनी कुबट वास आला की गिऱ्हाईक आपल्याच तोंडावर आणून टाकणार.

ड्रायव्हर "सही करा, पुढे दिव्याला जायचंय" म्हणून घाई करत होता. मागच्या वर्षी मी अशीच न मोजता सही केली होती आणि तेलाचा एक डबा गेला तो गेलाच. या वेळी गाडीतच फोटो काढले आणि त्यांच्या चलनावर लिहिलं: "18 कट्टे मिळाले, पैकी 3 भिजलेले, परत." खाली ड्रायव्हरची सही घेतली, मग माझी केली. भिजलेले तिन्ही त्याच गाडीने परत पाठवले.

पत्र त्याच संध्याकाळी गेलं. माल ठेवून घेऊन गप्प बसलं की तो पसंत पडला असंच धरतात, म्हणून उशीर नको होता. रागाचा एकही शब्द त्यात नाही. बिल नंबर, तारीख, काय आलं, काय परत गेलं, एवढंच. टेम्पो त्यांनीच ठरवलेला आणि भाडंही बिलात लावलेलं, म्हणून वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी त्यांची, हेही लिहिलं. आपण गाडी पाठवली असती तर हे म्हणता आलं नसतं.

मागणी एकच: पाच कट्ट्यांचे 1,400 प्रमाणे 7,000 आणि 5 टक्के जीएसटीचे 350, मिळून 7,350 रुपयांची क्रेडिट नोट. बाकीच्या 15 कट्ट्यांचे पैसे ठरल्या तारखेला देणार आहे.

ते तुम्हाला म्हणतील, "पुढच्या गाडीत पाच कट्टे जास्त टाकतो, कागद कशाला?" तिथे हो म्हणू नका. तो माल बिनबिलाचा येईल. शिवाय जुन्या बिलात 20 कट्ट्यांचा कर तसाच राहील, आणि न मिळालेल्या मालावरच्या कराची वजावट मला घेता येत नाही. "दुकान आता ती बघते," एवढंच सांगा. तुमची तीस वर्षांची ओळख आहे, चहापाण्याचं खुशाल बोला.

आई, कोकमं मिळाली. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
मनू