४०२ च्या बाथरूमची गळती आणि मोडलेला करार

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तोंडी सांगून, ग्रुपवर टाकून, सेक्रेटरींना भेटून झालं म्हणून आता लेखी देतेय. हे पत्र कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा आणि मिनिट्समध्ये घ्या.

एप्रिलमध्ये सोसायटीच्या ऑफिसात तुमच्यासमोर जो कागद झाला तो तुमच्याच फाइलीत आहे, साक्षीदार म्हणून सही पण तुमचीच आहे. माझ्या वरच्या ४०२ वाल्यांनी लिहून दिलं होतं की ३१ मेच्या आत बाथरूमची जमीन फोडून नवीन कोबा आणि नवीन नहाणी ट्रॅप बसवणार आणि टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून माझ्या छतावरून तपासू देणार. त्याबदल्यात मी वॉर्ड ऑफिसची तक्रार मागे घ्यायची आणि माझं छत माझ्या खर्चाने करायचं. मी तक्रार त्याच आठवड्यात मागे घेतली, प्लास्टर आणि रंगही करून घेतला. त्यांनी काय केलं, तर टाइल्सच्या फटीत ग्राउट भरलं, फोटो ग्रुपवर टाकला आणि "काम झालं" असं लिहिलं.

ग्राउटने टाइल्समधली फट बुजते, खाली कोबा तडकला असेल किंवा ट्रॅपचा जोड सुटला असेल तर तिथून पाणी जायचं ते जातंच. आज माझ्या बाथरूममध्ये त्यांच्या नहाणीच्या पाइपाभोवती पिवळट गोल डाग परत आलाय, नव्या रंगाचे पोपडे निघतायत आणि थेंब बरोबर गीझरच्या स्विचवर पडतात. मुलं आंघोळीला गेली की मला धडकी भरते.

ते म्हणतात गळती माझ्याच भिंतीतल्या पाइपची आहे. साहेब, ऑगस्टमध्ये ते गावी गेले होते तेव्हा माझं छत सुकलं, आल्यावर परत गळायला लागलं. तेव्हा त्यांचा मेन व्हॉल्व चालूच होता कारण बाई झाडांना पाणी घालायला यायची, आणि माझ्या घरातलं पाणी तर रोजच चालू होतं. पाणी येण्याचा पाइप फुटला असता तर त्यात कायम प्रेशर असतं, म्हणजे घर बंद असलं तरी गळलं असतं. वापर थांबला की थांबतं म्हणजे दोष जमिनीत किंवा ट्रॅपमध्ये. हे माझं मत नाही, सोसायटीच्या प्लंबरने बघून सांगितलंय, ३०१ च्या काकू आणि खालचे सगळे हेच म्हणतात, फक्त तोंडावर बोलत नाहीत. याच घराच्या कुंड्यांचं पाणी, जिन्यातला चपलांचा स्टँड, रात्री अकरानंतर फर्निचर सरकवणं, यावर मी कधी शब्द काढला नाही, तेव्हा मी भांडखोर आहे असं कोणी म्हणू नये.

परवा त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं, "वहिनी, विश्वास ठेवा, दिवाळीनंतर करतो." मी विश्वासच ठेवला होता, म्हणून तर तक्रार मागे घेतली. कामापेक्षा जास्त लागलंय ते हे की न केलेलं काम केलं म्हणून सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. त्यामुळे आता पहिलं काम ते, की ठरलेलं काम झालेलं नाही हे त्यांनी त्याच ग्रुपवर लिहावं. त्याशिवाय नवीन कागदाला मी हात लावणार नाही.

आणि नवीन कागद असा हवा की कुणाच्या शब्दावर काही राहणार नाही. कामाच्या अंदाजे खर्चाची रक्कम त्यांनी आधी सोसायटीकडे जमा करावी, कॉन्ट्रॅक्टरला त्यातूनच पैसे द्यावेत. जमीन फुटल्यावर, कोबा झाल्यावर आणि भिंतीवर साधारण फूटभर वॉटरप्रूफिंग चढवल्यावर, प्रत्येक वेळी झाकायच्या आधी कमिटीच्या माणसाने वर जाऊन बघावं. मग नहाणीचं तोंड बंद करून इंच-दीड इंच पाणी निदान २४ तास, जमल्यास ४८ तास उभं ठेवायचं आणि आधी व नंतर माझ्या छताचे फोटो काढायचे. नहाणी बंद असताना ट्रॅपच्या खालचा पाइप तपासला जात नाही, म्हणून शेवटी बोळा काढून सगळं पाणी एकदम सोडायचं आणि तेव्हाही खालून बघायचं. छत कोरडं राहिलं तरच टाइल्स.

उपविधी ४७ प्रमाणे दुरुस्तीची गरज आहे का हे बघायला सेक्रेटरी सभासदाच्या घरात जाऊ शकतात, तो अधिकार तुम्ही आजवर वापरलेला नाही. तो वापरा. आणि गच्चीवर कार्यक्रमासाठी त्यांचा जो अर्ज आलाय तो तोपर्यंत पेंडिंग ठेवा.

माझ्याकडून एवढंच, पाण्याची टेस्ट पास झाली तर छताचा दुसऱ्यांदा होणारा खर्च मी मागणार नाही, हेही त्याच कागदावर लिहून देते. पंधरा दिवसांत काम सुरू झालं नाही तर वॉर्ड ऑफिसला तक्रार पुन्हा करणार आणि सोबत एप्रिलच्या कागदाची झेरॉक्स जोडणार, त्यावर तुमची सही आहे.

आपली,
३०२