आप्पा, कापूस एवढ्यात विकू नका

जळगाव

ती. आई, ती. आप्पा,

काल फोनवर आप्पा "व्यापाऱ्याला बोलवून टाकतो" म्हणाले, तेव्हापासून जीव लागत नाही. माझ्या फीसाठी घरातला कापूस पडेल भावात द्यायचा नाही, आणि आईच्या पोतीचा विषय तर काढायचाच नाही. शिष्यवृत्ती नाकारलेली नाही. ती वाटेत अडकली आहे, आणि कुठे अडकली ते मला सापडलंय.

आमच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा 60 टक्के आणि राज्याचा 40. केंद्राचा पैसा सरळ माझ्या खात्यात येतो आणि त्यातून मी कॉलेजची फी भरायची. आप्पा, पण हा पैसा पासबुकावरचा नंबर बघून येत नाही, आधार नंबर बघून येतो. आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि शेवटी जी जोडली तीच धरतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे काम झालं, असं होत नाही. त्यासाठी वेगळं संमतीपत्र भरावं लागतं. त्याला सीडिंग म्हणतात.

परवा तुमच्याकडून ओटीपी मागितला तो याचसाठी. myaadhaar.uidai.gov.in वर `Bank Seeding Status` उघडलं, तर तिथे आपल्या बँकेचं नावच नव्हतं. गेल्या वर्षी पारावर एक जण छत्री लावून बसला होता, "झिरो बॅलन्स, फक्त अंगठा द्या" म्हणत, त्याच्या बँकेचं नाव होतं. खाली लिहिलं होतं `Inactive`. मी ते खाते एकदाही वापरलं नाही. पैसे तिकडे गेले, दार बंद दिसलं आणि परत फिरले. `Active` असतं तर पैसे त्याच खात्यात पडून राहिले असते आणि अंगठा लावून काढता आले असते.

आता जे केलंय ते सांगते, रागावू नका. मी इथे कॉलेजजवळच्या बँकेत नवीन खातं उघडून सीडिंग करून घेतलं. आठवीत असताना आप्पांनी मला सायकलवर डबलसीट नेऊन उघडून दिलेलं खातं मी बंद केलेलं नाही, करणारही नाही. पण ते अज्ञान म्हणून उघडलेलं. अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी द्यायची राहून गेली, आणि त्यासाठी चोपड्याला दोन-तीन चकरा झाल्या असत्या. तास बुडाले असते. सीडिंगच्या फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव टाकायला एक रकाना असतो. तो कोरा सोडला की काम अडतं, म्हणून छत्रीवाल्याच्या बँकेचं नाव आठवणीने लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा बघितलं, तर नवी बँक आणि `Active`.

मग प्राचार्यांना अर्ज दिला. नुसतं "पैसे आले नाहीत" लिहिलं तर क्लार्क "वरून यायचेत" म्हणून परत पाठवतो, म्हणून असा लिहिला:

"माझा अर्ज महाविद्यालय व समाज कल्याण कार्यालय या दोन्ही स्तरांवर मंजूर आहे. मात्र आधार सीडिंग निष्क्रिय असल्याने रक्कम जमा झाली नाही. आता सीडिंग सक्रिय केले आहे. तरी माझे प्रकरण मा. सहायक आयुक्त, समाज कल्याण, जळगाव यांच्याकडे रक्कम पुन्हा पाठवण्याच्या विनंतीसह सादर करावे, आणि तोपर्यंत फीअभावी माझा परीक्षा अर्ज थांबवू नये, ही विनंती."

वर अर्ज क्रमांक, शैक्षणिक वर्ष आणि योजनेचं नाव. सोबत सीडिंगचे जुने आणि नवे दोन्ही प्रिंट, मंजुरीचं पान आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच अडकलेला असता तर कॉलेजने एका दिवसात पुढे ढकलला असता. इथे पैसे पुन्हा पाठवणं त्यांच्या हातात नाही, म्हणून वेळ लागेल. राज्याचा हिस्सा वेगळा येतो. आधी थोडीच रक्कम दिसली तर "अर्धेच दिले" म्हणून घाबरू नका.

माझं जेवणाचं बरं चाललंय. मेसचे या महिन्याचे पैसे भरलेत, आणि आईने दिलेल्या बिबड्या अजून अर्धा डबा आहेत. कळण्याची भाकर तेवढी इथे मिळत नाही. रात्री दिवे गेले की आई, तुझा हात डोक्यावर असल्यासारखा वाटतो.

आता ऐका. आप्पांचं ते जुनं सिम बंद पडू द्यायचं नाही, माझ्या आधारचे ओटीपी त्यावरच येतात. ओटीपी फक्त मला सांगायचा, तेही मी आधी फोन केला असेल तरच. छत्रीवाला परत आला तर अंगठा द्यायचा नाही. आप्पा, तुमचे पीएम किसानचे 2,000 पण आधारवरच येतात, ते असेच भलतीकडे जातील. बीपीची गोळी सकाळी न्याहारी झाल्यावर, शेतातून आल्यावर नाही. आई, तू त्यांच्यासमोर उभी राहून घ्यायला लाव. तुझा गुडघा सुजला असेल तर कापूस वेचायला जाऊ नको, मी शनिवारी येते आहे.

तुमची,
ताई