सूचना: नियमांचा संक्षेप करताना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, लिफ्टशेजारच्या फलकासाठी उपविधींचा संक्षेप तयार करणाऱ्या सभासदांची बैठक येत्या रविवारी सकाळी 11 वाजता सोसायटीच्या कार्यालयात होईल. आपापला मसुदा आणि मूळ उपविधींची प्रत दोन्ही आणावे.

पहिल्या मसुद्यात एक ओळ अशी आहे: ‘फ्लॅट भाड्याने दिल्यास 10% बिनभोगवटा शुल्क.’ वाचायला सुटसुटीत, पण चुकीची. हे 10% फक्त सेवाशुल्कावर असतात, महापालिकेचे कर वगळून. आणि तीही कमाल मर्यादा आहे. समजा बिल 4,000 रुपयांचे आहे आणि त्यात सेवाशुल्क 1,800. शुल्क जास्तीत जास्त 180 रुपये होते. फलक वाचणारा मात्र 400 धरून चालेल. शिवाय सभासदाचे कुटुंबीय, उदाहरणार्थ विवाहित मुलगी, राहत असल्यास हे शुल्क लागतच नाही; हा अपवाद ओळीतून गळला आहे.

म्हणून विनंती:

- मूळ कलमातील ‘नाही’, ‘वगळून’, ‘खेरीज’, ‘तरच’, ‘पेक्षा जास्त नाही’ हे शब्द आधी अधोरेखित करा. संक्षेपात त्यांतला प्रत्येक सापडलाच पाहिजे.
- ‘तरच’चे ‘तर’ करू नका.
- अट लांबलचक असेल तर तिचा अर्धा भाग लिहू नका. ‘अपवाद आहेत, कलम पाहा’ असे लिहून कलमाचा क्रमांक द्या.

हस्तांतरण अधिमूल्याची ओळही याच कारणाने परत पाठवली आहे. फलक रंगवायला बैठकीनंतरच जाईल.

— सचिव