सूचना: उत्तरात मुद्दा आधी लिहा

गच्चीवरच्या बागेच्या सर्व सभासदांना नमस्कार.

परवा एका ताईंनी विचारलं, "टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतोय, काय करू?" उत्तरं भरपूर आली. पण पहिल्या उत्तरात मातीचा इतिहास, दुसऱ्यात स्वतःच्या बागेची हकीकत, आणि कामाचं वाक्य थेट शेवटी. तोवर ताईंनी बुरशीनाशक फवारलंसुद्धा. त्याची गरजच नव्हती.

असं उत्तर पुरलं असतं:

"हा रोग नाही, फवारणी नको. पाणी अनियमित झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. बोटभर खोल माती कोरडी लागली की लगेच पाणी द्या, वर पालापाचोळा पसरा. डाग पडलेली फळं सुधारणार नाहीत, ती काढा. पुढची चांगली येतील. डाग पानांवरही असतील तर मात्र करपा असू शकतो, फोटो पाठवा."

पहिल्या वाक्यात निदान आणि काय टाळायचं ते आलं. कुंडीजवळ उभं राहून मोबाईल बघणारा माणूस तेवढंच वाचतो, म्हणून ते आधी. कारण एका वाक्यात पुरतं. शेवटची अट मात्र कधीच गाळू नका, कारण आपण झाड पाहिलेलं नसतं. खात्री नसेल तर पहिलं वाक्य "बहुधा" ने सुरू करा, किंवा आधी प्रश्न विचारा: कुंडी केवढी, पाणी किती दिवसांनी?

अनुभव जरूर लिहा, पण उपायाच्या खाली.

– व्यवस्थापक