पॅराशूटची चाचणी: वेळ मोज, पण झोकाही मोज

प्रिय अविनाश,

तुझा बेत वाचला. पातळ प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या आकारांच्या छत्र्या करायच्या, मध्ये लहानमोठी भोकं पाडायची, वरून सोडायच्या आणि स्टॉपवॉचने वेळ घ्यायची. बेत चांगला आहे, फक्त स्टॉपवॉच बाजूला ठेव. का, ते एका छोट्या हिशोबात दिसेल.

समजा ४० सेंटिमीटर व्यासाची गोल, सपाट कापलेली छत्री आहे आणि दोऱ्या, वजन, टेप सगळं धरून २० ग्रॅम भरतं. वजन आणि हवेचा रोध सारखे झाले की वेग स्थिरावतो:

v = √(2mg / (ρ · Cd · A))

इथे m म्हणजे सगळं मिळून वस्तुमान, g गुरुत्वाचं त्वरण आणि A छत्रीचं सपाट क्षेत्रफळ. घरातल्या हवेची घनता ρ घनमीटरला १.२ किलो आणि अशा छत्रीचा रोधगुणांक Cd, म्हणजे तिचा आकार हवेला किती अडवतो तो आकडा, ०.७५ धरला, तर वेग v सेकंदाला १.८६ मीटर येतो. म्हणजे ४ मीटर अंतराला २.१५ सेकंद. आता मधोमध ८ सेंटिमीटरचं भोक पाड. डोळ्यांना ते मोठं दिसतं, पण क्षेत्रफळ जातं फक्त ४ टक्के, कारण हिशोब व्यासाच्या वर्गाचा आहे. वेळ क्षेत्रफळाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे २ टक्के, म्हणजे ०.०४ सेकंद. बटण दाबणाऱ्या बोटाची चूक सहज ०.१ ते ०.२ सेकंद असते. १२ सेंटिमीटरच्या भोकानेही फरक जेमतेम ०.१ सेकंदाचा पडावा. तू जे शोधतोयस ते बोटाच्या चुकीतच बुडून जाईल.

म्हणून फोनवर व्हिडिओ घे. सेकंदाला ६० फ्रेम पुरेत, एक फ्रेम ०.०१७ सेकंदाची होते. नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत वजनाचा तळ कोणत्या फ्रेममध्ये खूण ओलांडतो ते बघायचं. छत्रीची कड धरू नकोस, ती आतबाहेर होत राहते.

खुणा भिंतीवर करायचा मोह होईल, तो आवर. कॅमेरा पॅराशूटपासून ६ मीटरवर आणि भिंत पॅराशूटच्या १ मीटर मागे असेल, तर भिंतीवरचे ४ मीटर पॅराशूटच्या जागी फक्त ३.४३ मीटर भरतात. वेग उगाचच जास्त निघतो. त्यापेक्षा पडण्याच्या वाटेला समांतर, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर ओळंबा सोड आणि त्याच्या दोरीवर रंगीत टेपच्या दोन खुणा कर, एक जमिनीपासून ४.५ मीटरवर, दुसरी ०.५ मीटरवर. कॅमेरा या दोन्हींच्या मधल्या उंचीवर ठेवता आला तर उत्तम.

वजनाचा तळ ६.५ मीटरवरून सोड, म्हणजे वरच्या खुणेपर्यंत २ मीटर मिळतात. नुसत्या सूत्राने पाहिलं तर स्थिर वेग गाठायला १ मीटर पुरावा. पण छत्री उघडायला थोडं अंतर जातं, शिवाय फुगलेल्या छत्रीत अडकलेली हवाही सोबत वेग घेत असते. एवढ्या छत्रीत ती ६ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि आपलं अख्खं पॅराशूटच २० ग्रॅमचं आहे. हलक्या नमुन्यांत या हवेकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: जिन्याची पोकळी नको. तिथे गरम हवा वर चढते, आणि १.८६ च्या वेगात सेकंदाला ०.१ मीटरचा वरचा प्रवाहसुद्धा ५ टक्क्यांहून जास्त घोळ घालतो. शिवाय भिंती जवळ, तिरकी सरकलेली छत्री त्यांना घासणार. गॅलरी असलेला उंच हॉल बघ, पंखे बंद, दारं-खिडक्या बंद, सगळ्या बाजूंना मीटरभर तरी मोकळं. काठीच्या टोकाला टिश्यू कागदाची अरुंद पट्टी लावून आधी तपास. पट्टी एका बाजूला झुकून राहत असेल तर त्या दिवशी मोजणी नको.

आता छत्र्या. आकारांची तुलना करायची तर क्षेत्रफळ सारखं हवं, रुंदी नव्हे. गोलाचा व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १२५७ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू ३५.५ सेंटिमीटर होते. अधिकच्या चिन्हासारखी क्रॉस छत्री पाच सारख्या चौकटींची असते, तिची प्रत्येक चौकट १५.९ सेंटिमीटरची. षटकोन मी मुद्दाम वगळतोय. गोल, चौरस आणि क्रॉस या तिघांना आठ दोऱ्या नीट बसतात (चौरसाला चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य, क्रॉसला प्रत्येक हाताचे दोन कोपरे), षटकोनाला सहा किंवा बारा लागतात. मग फरक आकाराचा की दोऱ्यांचा, हे सांगता येणार नाही.

घडी घालून कापू नकोस. पातळ प्लॅस्टिकच्या थरांची सरकासरकी होते आणि गोल अंड्यासारखा निघतो. पुठ्ठ्याचा साचा कर, प्लॅस्टिक एकेरी पसर आणि ब्लेडने काप. एकाच गुंडाळीतलं प्लॅस्टिक वापर, सुरकुत्या नसलेलं. दोऱ्या प्रत्येकी ४० सेंटिमीटर, फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यावरच मापायच्या. दोऱ्या आखूड झाल्या तर छत्रीचं तोंड आवळलं जातं आणि रोध घटतो, आकाराचा त्यात काही दोष नसतो. क्रॉसला दोऱ्यांचा असमानपणा सगळ्यात लवकर बाधतो: ती गरगरायला लागते, दोऱ्यांना पीळ बसतो आणि तोंड लहान होत जातं. व्हिडिओत छत्री फिरताना दिसली की आधी दोऱ्या माप.

शेवटी प्रत्येक पॅराशूटचं सगळं मिळून वजन मातीच्या गोळीने २० ग्रॅमवर आण. काटा ०.१ ग्रॅमचा हवा. १ ग्रॅमचा फरक वेळेत २.५ टक्के फरक पाडतो, म्हणजे ८ सेंटिमीटरच्या भोकापेक्षाही जास्त.

भोकांसाठी पाच वेगळ्या छत्र्या करू नकोस. एकाच गोल छत्रीत आधी भोक नाही, मग २, ४, ८ आणि १२ सेंटिमीटर असं मोठं करत जा. असं केलं की कापण्या-बांधण्यातले फरक उरत नाहीत. मात्र मागे जाता येत नाही, आणि मधल्या काळात प्लॅस्टिक ताणलं जातं, हवा बदलते. म्हणून तशीच दुसरी गोल छत्री बिनभोकाची ठेव आणि प्रत्येक मापाच्या वेळी तीही सोड. तिचे आकडे सरकले तर बदल भोकाचा नाही, परिस्थितीचा आहे. भोकाची कड खाच न पाडता काप. खाचेतून फाटत गेलेली चीर दुरून दिसत नाही, पण त्यानंतरचे सगळे आकडे बिघडवते.

सोडण्याची पद्धत सगळ्यांना एकच हवी. गुंडाळून फेकलं तर उघडायची वेळ दर वेळी वेगळी येते. शेंड्यात चिमटा लावावा, तर भोक पाडल्यावर तिथे धरायला काहीच उरत नाही आणि कड धरली तर छत्री तिरकी सुटते. उपाय सोपा आहे: केंद्रापासून ८ सेंटिमीटरवर समोरासमोर टेपचे दोन तुकडे लाव आणि त्यांना दोऱ्याचा एक सैल फास बांध. चिमटा त्या फासाला, चिमट्याला ओढायची दोरी, आणि सगळं काठीच्या टोकावर गॅलरीपासून दीड मीटर बाहेर. १२ सेंटिमीटरचं भोक पाडलं तरी टेप शाबूत राहतात.

प्रत्येक मापाला दहा वेळा सोड आणि क्रम मिसळून घे. कोणता आकडा बाद करायचा ते आधीच लिहून ठेव: भिंतीला लागलं, दोऱ्या गुंतल्या, वरच्या खुणेपर्यंत छत्री पूर्ण उघडली नाही. एवढ्याच कारणांनी बाद. आकडा विचित्र वाटतो हे कारण चालणार नाही.

आता खरी गोष्ट. भोकाचा परिणाम सरासरी वेळेत शोधशील तर निराशा पदरात पडेल, तो विखुरलेपणात असतो. प्लॅस्टिकमधून हवा झिरपत नाही. बिनभोकाच्या छत्रीत कोंडलेली हवा कडेखालून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सटकते, आणि प्रत्येक वेळी छत्रीला आडवा धक्का बसतो. मग ती झोके घेते किंवा एका अंगाला कलून सरकत जाते. सरकत गेलेली छत्री काही वेळा जास्त वेळ तरंगते, जोरात झोके घेणारी लवकर उतरते. आंद्रे-जाक गार्नरँ २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून पॅराशूटने उतरला, तेव्हा त्याच्या छत्रीच्या शेंड्याला भोक नव्हतं आणि ती भयंकर हेलकावत खाली आली. मधल्या भोकातून थोडी हवा वर निघून गेली की कडेखालची ही ओढाताण कमी होते.

उदाहरण म्हणून धर, बिनभोकाच्या दहा वेळांचं प्रमाण विचलन, म्हणजे विखुरलेपणाचं माप, ०.१० सेकंद आलं आणि ४ सेंटिमीटरच्या भोकाचं ०.०३. विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरींमधली अनिश्चितता मिळते: अनुक्रमे ०.०३२ आणि ०.००९५, दोघींच्या फरकातली ०.०३३. म्हणजे सरासरींत याच्या दुपटीहून, साधारण ०.०७ सेकंदांहून, कमी फरक असेल तर त्यावर काही बोलू नये. पण विचलन तिपटीने घटलं हे मात्र ठामपणे लिहिता येईल. सोबत आणखी एक रकाना ठेव: वजन जमिनीला टेकलं ती जागा सोडण्याच्या बिंदूच्या बरोबर खालच्या खुणेपासून किती सेंटिमीटर दूर. झोका मोजायचं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

आकारांची तुलना मात्र वेळेवरून होते, कारण तिथे फरक मोठा असू शकतो. सारखं वजन, सारखं क्षेत्रफळ असेल तर रोधगुणांकांचं गुणोत्तर म्हणजे वेळांच्या गुणोत्तराचा वर्ग. गोलाला २.१५ आणि क्रॉसला १.९८ सेकंद आले असं समज. १.९८ भागिले २.१५ चा वर्ग ०.८५, म्हणजे गोलाचा गुणांक ०.७५ असताना क्रॉसचा ०.६४. भोक पाडलेल्या छत्रीसाठीही A म्हणून भोकासकट पूर्ण क्षेत्रफळच घे, नाहीतर गमावलेला रोध हिशोबातून गायब होतो. क्रॉस सहसा सरळ उतरते, कारण तिच्या हातांमधल्या फटींतून हवा आधीच निघून जाते. म्हणून तिला भोक पाडून फारसं हाती लागत नाही, फक्त रोध जातो. तरी एकदा ४ सेंटिमीटरचं पाडून बघ, गोलाशी तुलना करायला बरं.

हे सगळं प्लॅस्टिकपुरतं. विणलेल्या नायलॉनमधून हवा झिरपते, तिथे बिनभोकाची छत्रीही कमी झुलते, त्यामुळे तुझी भोकांची मापं कापडाला तशीच लावू नकोस. पहिल्या दहा वेळा झाल्या की सरासरी काढण्याआधी मला कच्चे आकडे पाठव, आणि जमिनीवरच्या अंतराचा रकाना विसरू नकोस.

तुझा,
मिलिंद