आई स्टँडवर, आणि अ‍ॅपमध्ये प्रवास सुरू

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : प्रवासी न बसवता ओटीपी घेऊन ट्रिप सुरू केल्याबाबत

महोदय,

गेल्या शुक्रवारी रात्री पावणेदहाला माझी आई फलटणच्या एसटीने स्वारगेटला उतरली. तिला कोथरूडला माझ्या भावाकडे जायचं होतं. तिच्याकडे साधा फोन आहे, म्हणून ठाण्यातून मी तुमच्या अ‍ॅपवर तिच्यासाठी रिक्षा बुक केली. रिक्षाचा नंबर तिला फोनवर दोनदा वाचून दाखवला आणि ट्रिपची लिंक भावाला पाठवली.

दोन मिनिटांत चालकाचा फोन आला. "मॅडम, स्टँडसमोर पोलीस थांबू देत नाहीत. ओटीपी सांगून ठेवा, म्हणजे मावशींना बसवलं की लगेच निघता येईल." मी चार आकडे सांगितले. ही माझी चूक, ती मला मान्य आहे. पण नकाशावर तेव्हा रिक्षा मार्केट यार्डाजवळ होती, स्टँडपासून किलोमीटरभर तरी लांब. तरीही तुमच्या अ‍ॅपने कोड स्वीकारला आणि 'प्रवास सुरू' असं दाखवलं.

भावाने लिंक उघडली, रिक्षा हलताना दिसली, तो निश्चिंत झाला. मीही झाले. पंधरा मिनिटांनी आईचाच फोन आला, "अगं, रिक्षा अजून आली नाही. किती वेळ उभी राहू?" तेव्हा नकाशा नीट पाहिला, तर रिक्षा पद्मावती ओलांडून कात्रजकडे चालली होती. कोथरूडच्या अगदी उलट दिशेला! लिंकवरचा ठिपका चालकाच्या फोनचा असतो, प्रवासी आत आहे की नाही हे त्याला कळत नाही, हे आम्हाला त्या रात्री समजलं. चौसष्ट वर्षांची बाई बॅग पायाशी घेऊन रात्री एकटी उभी, आणि आम्ही दोघं ती घरी निघाली असं समजून बसलेलो. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

चालकाने मग फोन उचलला नाही. ट्रिप सुरू झाल्यामुळे मला ती रद्द करता येईना. त्याने बालाजीनगरला ती संपवली आणि माझ्या वॉलेटमधून ६४ रुपये गेले. शेवटी भावाने स्वतः जाऊन आईला आणलं. तुमच्याकडून उत्तर एकच, "ओटीपी दिल्यामुळे भाडे वैध आहे."

६४ रुपये परत करा आणि त्या चालकावर काय कारवाई केली ते लेखी कळवा. पण माझी मुख्य मागणी वेगळी आहे. रिक्षा ठरलेल्या जागेपासून लांब असताना चालकाच्या अ‍ॅपने कोड घेताच कामा नये. दुसऱ्यासाठी बुकिंग असेल, तर कोड बसणाऱ्याच्या फोनवर साध्या एसएमएसने जावा आणि रिक्षाचा नंबर जुळल्यावर, आत बसूनच सांगावा, असं त्यातच मराठीत लिहिलेलं असावं. आईला एसएमएस वाचता येतो.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही, तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ट्रिपचा तपशील, नकाशाचे स्क्रीनशॉट आणि कॉलच्या वेळा सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक, ठाणे