रद्द केलेल्या बिलातले वॉलेटचे १,७०० परत करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: एकाच बिलासाठी वॉलेट आणि कार्ड दोन्हीकडून पैसे घेऊन वॉलेटची रक्कम परत न केल्याबद्दल

तुमच्या मदत केंद्राशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. फोन ठेवतानाच मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले असून ती बंद करण्यात येत आहे.’ निवारण झालेलं नाही. माझे १,७०० अजून तुमच्याच खात्यात आहेत. ते कसे आले आणि कुठे सापडतील हे खाली लिहिते आहे, कारण तुमच्याकडचं कुणीही ते शोधायला तयार नाही.

बिल ५,२०० चं होतं. माझ्या वॉलेटमध्ये १,७०० शिल्लक होते, म्हणून तेवढे वॉलेटमधून आणि उरलेले ३,५०० कार्डवरून देते असं मी काउंटरवर आधीच सांगितलं. कॅशिअर हो म्हणाला. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड मी स्कॅन केला, रक्कम स्वतः टाकली, पैसे गेले, फोनवर ‘यशस्वी’ आलं, समोर तुमच्या कंपनीचं नाव आलं. कॅशिअरने माझ्या फोनकडे बघून आपल्या स्क्रीनवर हाताने ‘वॉलेट १,७००’ अशी नोंद केली. बाकी ३,५०० दिसू लागली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग कार्ड मशीनवर ३,५०० टाकले आणि मशीन बराच वेळ अडकून पडलं. शेवटी बँकेकडून उत्तर आलं नाही असं दाखवून व्यवहार फसला. आता बिल अर्धं भरलेलं आणि अर्धं बाकी, अशा स्थितीत होतं. अशा वेळी बिल उघडंच ठेवून बाकीची रक्कम पुन्हा घ्यायची असते. मशीन चालत नसेल तर शेजारचं मशीन आणायचं, नाहीतर बिल होल्डवर टाकायचं. तुमच्या सुपरवायझरने यातलं काहीच केलं नाही. ते आले, त्यांनी अख्खं बिल रद्द केलं, सगळ्या वस्तू पुन्हा स्कॅन केल्या आणि दुसऱ्या मशीनवर पूर्ण ५,२०० माझ्या कार्डवरून घेतले. मी तिथेच विचारलं, “वॉलेटमधून गेले त्यांचं काय?” उत्तर मिळालं, “बिल कॅन्सल केलंय ना, ते आपोआप परत येतात.”

ते आले नाहीत आणि येणारही नव्हते. म्हणजे ५,२०० च्या मालासाठी तुम्ही माझ्याकडून ६,९०० घेतलेत.

‘आपोआप येतात’ हा समज कुठून आला तेही मला कळतं, कारण कार्डचे ३,५०० खरोखरच आपोआप सुटले. बँकेने ते अडवून धरले होते, काही दिवसांनी मोकळे केले. पण तो व्यवहार अपुरा होता. मशीनला होकार मिळालाच नाही, आणि असं झालं की मागचा व्यवहार उलटवा असा संदेश मशीन स्वतःच पाठवतं. तशी सोय कार्डच्या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे. वॉलेटचा व्यवहार मात्र पूर्ण झाला होता. माझ्याकडून पैसे गेले, तुमच्याकडे जमा झाले, दोन्हीकडे ‘यशस्वी’ नोंदलं गेलं. पूर्ण झालेला व्यवहार कशासाठी उलटेल? त्याचा परतावा मूळ व्यवहार क्रमांक टाकून कुणीतरी करावा लागतो, आणि तो ज्याच्याकडे पैसे जमा झाले त्यालाच करता येतो. इथे ते तुम्ही आहात.

शिवाय तुमच्या बिलिंगच्या संगणकाला माझ्या वॉलेटचा पत्ताच नव्हता. चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये ना बिलाचा क्रमांक असतो ना रक्कम. संगणकात जे ‘वॉलेट १,७००’ होतं ते कॅशिअरने हाताने टाईप केलेलं. बिल रद्द केल्यावर पुसली गेली ती फक्त ती नोंद. पैसे जिथे होते तिथेच राहिले. स्क्रीनवर प्रत्येक बिलासाठी वेगळा क्यूआर कोड येतो, रक्कम आणि बिल क्रमांक त्यातच असतो आणि पैसे मिळाल्याची खबर थेट संगणकाला येते, अशी सोय तुमच्या दुसऱ्या शाखेत मी स्वतः वापरली आहे. म्हणजे ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही असं नाही.

आता मदत केंद्राबद्दल. आधीच्या प्रत्येक फोनवर मला एकच सांगितलं गेलं: वॉलेट कंपनीशी बोला. मी बोलले. त्यांनी व्यवहार तपासून स्पष्ट सांगितलं की पैसे व्यापाऱ्याला पोचले आहेत, परतावा व्यापाऱ्यानेच करायचा. हे मी तुम्हाला कळवलं. पुढच्या फोनवर पुन्हा तेच: वॉलेट कंपनीशी बोला.

आणि आजचा फोन. तुमच्याकडे संभाषण ध्वनिमुद्रित होतं, म्हणून ऐकून खात्री करून घ्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, तुमच्या बिलावर वॉलेट दिसतच नाहीये. पूर्ण पेमेंट कार्डवर आहे.” मी म्हटलं, बरोबर आहे, तुम्ही बघताय ते दुसरं बिल. त्याच्या आधीचं रद्द झालेलं बिल उघडा. ते म्हणाले, “रद्द झालेलं बिल म्हणजे विक्री झालीच नाही. मग त्याचे पैसे कसे असतील?” मी व्यवहार क्रमांक वाचून दाखवला, एकेक अंक सावकाश सांगितला. त्यांनी तो लिहूनही घेतला नाही, कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी विचारलं, “कशाचा नंबर म्हणालात?” मी परत वाचला. मग ते म्हणाले, “तुम्ही चुकून दुसऱ्या कुणाला पाठवले असतील.” मी सांगितलं, पैसे घेणाऱ्याच्या जागी तुमच्याच कंपनीचं नाव आहे आणि वेळ तुमच्या बिलाच्या काही मिनिटं आधीची आहे. यावर मला ऐकवलं गेलं, “सारख्या नावाची दुकानं असतात, मॅडम. आणि हे बघा, बिल ५,२०० चं, आम्हाला मिळाले ५,२००. आमचा हिशेब जुळतोय. तुमचा तुम्ही बघा.”

तुमचा तुम्ही बघा! मी तुमच्याच काउंटरवर, तुमच्याच कॅशिअरसमोर, तुम्हीच चिकटवलेल्या कोडवर पैसे दिले. त्याने ते बघून नोंद केली. त्या व्यवहारावर मला खोटं ठरवायचं, आणि तेही माझं बोलणं पूर्ण न ऐकता? वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हटल्यावर ‘होल्ड करा’ म्हणाले, आणि मग थेट निवारण झाल्याचा तो मेसेज. १,७०० पेक्षा मला हेच जास्त लागलं आहे. इतकी वर्षं मी तुमच्याकडे खरेदी करते, आणि मी नसलेल्या पैशांसाठी भांडते आहे असं तुमच्या माणसाला वाटतं.

हिशेब जुळतोय म्हणता, तर कुठला हिशेब ते आधी सांगा. बिलांचा जुळत असेल, वॉलेटचा जुळणार नाही. त्या दिवशीच्या दिवसअखेरच्या अहवालात वॉलेटची बेरीज काढा. वॉलेट कंपनीने त्याच दिवसासाठी दिलेल्या यादीशी ती ताडून बघा, मात्र त्यांचं कमिशन वजा होण्याआधीची रक्कम धरा, नाहीतर फरक लपेल. दुसरा असा घोटाळा त्या दिवशी झाला नसेल तर यादीत बरोबर १,७०० जास्त निघतील. झाला असेल तरी माझा व्यवहार क्रमांक यादीत असेलच, आणि त्याच्यासमोर कुठलंही चालू बिल नसेल. मग रद्द बिलांची नोंद काढा. ती पुसली जात नाही. त्याच काउंटरवर, त्याच कॅशिअरच्या नावावर ५,२०० चं बिल रद्द झालेलं आणि लगेच त्याच वस्तूंचं तेवढ्याच रकमेचं नवं बिल निघालेलं दिसेल. हे काम तुमच्या हिशेब विभागातल्या एका माणसाचं, थोड्या वेळाचं आहे. १,७०० कमी पडले असते तर तुम्ही ते त्याच रात्री शोधले असते. जास्त आले म्हणून कुणी विचारलं नाही, आणि मी विचारते आहे तर मला वॉलेट कंपनीकडे पिटाळलं जातंय. परत सांगते, वॉलेट कंपनीकडे ते पैसे नाहीत.

माझी मागणी अशी. वॉलेटचे १,७०० मूळ व्यवहार क्रमांकावर, त्याच वॉलेटमध्ये परत करा. तुमच्या दुकानाचं कूपन, पॉईंट किंवा पुढच्या खरेदीवर सवलत मला नको. काल तुमच्या एका प्रतिनिधीने ती देऊ केली होती. माझेच पैसे मला तुमच्याकडे खर्च करायला लावणं म्हणजे परतावा नव्हे. परतावा केल्याचा क्रमांक लेखी कळवा.

आणि काउंटरवरच्या लोकांना एक गोष्ट लेखी द्या: बिलाचा एक हिस्सा वॉलेटमधून आला असेल आणि दुसरा हिस्सा अडकला, तर बिल रद्द करायचं नाही. रद्द करावंच लागलं तर आधी वॉलेटचा परतावा करायचा, तो ग्राहकाच्या फोनवर दिसेपर्यंत थांबायचं आणि मगच रद्दचं बटण दाबायचं. हे कॅशिअरला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून माझा राग त्या मुलावर नाही. तो घाबरला होता आणि मागे रांग होती. राग आहे तो ‘आपोआप येतात’ असं ठाम सांगून मला घरी पाठवणाऱ्या आणि नंतर फोनवर हात वर करणाऱ्या तुमच्या व्यवस्थेवर.

या पत्राला आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही तर मी कार्डच्या बँकेकडे ५,२०० पैकी १,७०० वर वाद दाखल करणार आहे. तेवढी रक्कम त्याच खरेदीसाठी आधीच दुसऱ्या मार्गाने दिलेली होती, हे त्यासाठी मान्य असलेलं कारण आहे. माझ्याकडे वॉलेटची पावती, कार्डची फसलेल्या व्यवहाराची स्लिप आणि दुसरं बिल, तिन्ही वेळेसकट आहेत. मग बँक तुमच्याकडे पुरावा मागेल आणि ती रद्द बिलाची नोंद तुम्हाला काढावीच लागेल, वर वाद हाताळण्याचं शुल्कही पडेल. तिथेही टाळाटाळ झाली तर ग्राहक न्यायालयात जाईन, आणि आजच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण तिथे मागवीन. ते पुसू नका.

तिन्ही कागदांच्या प्रती आणि वॉलेटचा व्यवहार क्रमांक सोबत जोडला आहे. यापुढे मला फोन करू नका, जे सांगायचं ते लेखीच सांगा.

आपली ग्राहक
(मोबाइल क्रमांक दोन्ही बिलांवर आहे, रद्द केलेल्यावरही)